बेचाळीस किलोमीटरसाठी सात ओळी

२०२४ च्या नोव्हेंबरमधली शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात माझी मैत्रीण आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावणार होती. ती मूळची तिथलीच. कामानिमित्त दोन वर्षं पुण्यात राहिली तेव्हा आमची ओळख झाली, आणि तिच्यामुळे मी स्पॅनिश शिकायला लागले. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून फोनवर तिच्यासाठी चार ओळी लिहिल्या. पाठवायच्या आधी आमच्या स्पॅनिशच्या बाईंना दाखवल्या. बाईंनी वाचल्या आणि लगेच फोन केला. म्हणाल्या, "यातली एकही ओळ अशीच्या अशी पाठवू नकोस."

पुढचा पाऊण तास त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडल्या नव्हत्या. परदेशी भाषेत शुभेच्छा द्यायची म्हटलं की आपण शब्दकोश उघडतो आणि आपल्या मनातलं वाक्य तिकडे उचलून ठेवतो. पण शुभेच्छा ही जागेवर घडणारी गोष्ट आहे. धावणाऱ्याच्या शरीरात त्या दिवशी काय होणार आहे, त्याच्या गावातले लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून काय ओरडतात, हे ठाऊक नसेल तर बरोबर व्याकरणातली शुभेच्छाही कोरडी पडते.

माझी पहिली ओळ होती 'बुएना सुएर्ते', म्हणजे गुड लक. यात चूक काहीच नाही. पण स्पेनमध्ये मित्राला म्हणताना 'मुचा सुएर्ते', पुष्कळ नशीब, हे जास्त सहज येतं. बाईंचा खरा आक्षेप 'सुएर्ते' या शब्दालाच होता. हा शब्द लॅटिनमधल्या चिठ्ठी टाकण्याच्या शब्दावरून आला. चिठ्ठी कुणाच्या नावाची निघेल ते आपल्या हातात नसतं. परीक्षेला, मुलाखतीला, सोडतीला 'सुएर्ते' शोभून दिसतं. पहाटे उठून पाच-सहा महिने धावलेल्या माणसाला नशिबाची गरज थोडीच असते. त्याला लागतो तो दम. आणि दमासाठी स्पॅनिशमध्ये एक वेगळाच शब्द आहे: 'आनिमो'.

उच्चार करताना पहिल्या 'आ'वर जोर द्यायचा. आनिमो म्हणजे मनाची उभारी, धीर, हुरूप. 'मुचो आनिमो!' ही हाक स्पेनमध्ये कुठल्याही शर्यतीच्या कडेला उभं राहिलात तर दर मिनिटाला कानावर पडते. हा शब्द लॅटिन 'आनिमुस'पासून आला, आणि त्याच्या मुळाशी श्वास घेणं असा अर्थ असलेला एक फार जुना धातू आहे. तोच धातू संस्कृतात 'अन्' म्हणून आला. 'प्र' लागून त्याचा 'प्राण' झाला, आणि वारा या अर्थाचा 'अनिल'ही त्याच घराण्यातला. हे कळल्यावर मी काही क्षण गप्पच झाले. वॅलेन्सियाच्या रस्त्यावर धापा टाकत जाणाऱ्या माणसाला लोक जो शब्द ओरडून देतात, तो आणि आपला 'प्राण' एकाच श्वासातून निघालेले आहेत.

आनिमोची दुसरी बाजू त्या वर्षी आणखी महत्त्वाची होती. कुणाच्या घरी माणूस गेलं, कुणी आजारी पडलं, तरी स्पेनमधले लोक 'मुचो आनिमो'च म्हणतात. आपल्याकडे 'धीर धर' आणि 'जोर लाव' हे दोन वेगळे बोल आहेत. तिकडे दोन्ही एका शब्दात मावतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला वॅलेन्सिया प्रांतात काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला आणि शहराच्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये पूर घुसला. दोनशेहून जास्त माणसं गेली. माझ्या मैत्रिणीच्या मावशीच्या घराचा तळमजला छातीएवढ्या चिखलाने भरला होता. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे मैत्रीण धावायला गेलीच नाही. रोज फावडं आणि झाडू घेऊन पूल ओलांडून चालत मावशीकडे जायची. मॅरेथॉन घ्यावी की नाही यावर गावात चर्चा झाली. शेवटी पूरग्रस्तांशी बांधिलकी दाखवत ती घ्यायचं ठरलं. अशा वेळी नुसता जल्लोषाचा संदेश पाठवणं मला जड जात होतं. पण 'मुचो आनिमो' लिहिलं की त्यात शर्यतही आली आणि मावशीचं घरही आलं. वेगळं काही म्हणायची गरज उरली नाही.

ही शर्यत त्या शहराच्या अंगात किती मुरलेली आहे, हेही थोडं सांगायला हवं. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तुरिया नदीला मोठा पूर आला आणि वॅलेन्सिया बुडालं. त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात वळवली. मधल्या जुन्या कोरड्या पात्रात लांबच लांब बाग केली. आज तिथे पुलांच्या कमानींखालून धावायच्या वाटा जातात, आणि मैत्रिणीचा सगळा सराव तिथेच झाला. २०२४ च्या पुरात याच नव्या पात्राने मुख्य शहर वाचवलं. त्याच्या पलीकडची गावं मात्र सापडली. शहराची मॅरेथॉन १९८१ पासून चालू आहे आणि आता ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. शेवटचे काही मीटर पाण्यावर बांधलेल्या निळ्या फलाटावरून धावायचे असतात. दोन्ही बाजूंना पाणी, समोर पांढऱ्याशुभ्र आधुनिक इमारती, आणि पायाखाली निळा रंग. तिथल्या धावपटूंच्या बोलण्यात ही 'पासारेला आथूल', निळी वाट, सारखी येते. संदेशात तिचं नाव आलं की वाचणारीच्या डोळ्यांपुढे थेट शेवटचं चित्र उभं राहतं.

आता माझी दुसरी ओळ. तुझ्यासाठी मी खूप एक्साइट झाले आहे, असं मला म्हणायचं होतं. म्हणून मी 'एस्तोय मुय एक्सितादा' लिहिलं. इंग्रजी शब्दाचं हे जुळं भावंड वाटतं, पण स्पेनमध्ये याचा पहिला अर्थ कामवासनेशी जोडलेला आहे. मैत्रिणीला ते पाठवण्याची कल्पनाही नको. बरोबर शब्द 'एमोथ्योनादा', म्हणजे भारावलेली, भरून आलेली. अशाच चालीची आणखी एक चूक नवशिक्यांकडून होते. धावणे याचं क्रियापद 'कोर्रेर', त्यामुळे 'कोर्रे!' म्हणजे धाव. हे अगदी ठीक. पण त्याला शेवटी 'ते' जोडून 'कोर्रेते' केलं की स्पेनमध्ये त्याला अश्लील अर्थ येतो. धाव म्हणायचं असेल तर 'ते' लावू नये, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तिसऱ्या ओळीत मी तिला 'एरेस लिस्ता' म्हटलं होतं. तू तयार आहेस, असं मला म्हणायचं होतं. स्पॅनिशमध्ये 'असणे' याची दोन क्रियापदं आहेत. 'सेर' हे स्वभावासाठी आणि 'एस्तार' हे सध्याच्या अवस्थेसाठी. 'एरेस लिस्ता' म्हणजे तू हुशार आहेस. 'एस्तास लिस्ता' म्हणजे तू तयार आहेस. आपल्याकडे हा फरक क्रियापदाने दाखवत नाहीत, म्हणून मराठी माणूस इथे हमखास अडखळतो. मुलाला 'लिस्तो', मुलीला 'लिस्ता', हे मात्र आपल्याला जड जात नाही, कारण 'दमलास' आणि 'दमलीस' आपण दिवसभर म्हणतोच. विजेत्यासारखी अशा अर्थाने मुलाला 'कांपेओन' म्हणतात आणि मुलीला 'कांपेओना'. आपण एखाद्याला लाडाने 'वाघ' म्हणतो, तसे तिकडे 'माकिना', म्हणजे यंत्र, आणि 'फिएरा', म्हणजे हिंस्र पशू, हे शब्द आहेत. हे दोन शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगीच आहेत, तरी बाई असो वा बुवा, दोघांनाही लागतात.

खुद्द मॅरेथॉन या शब्दाचं लिंग मात्र स्पॅनिशमध्ये दोलायमान आहे. मुळात तो पुल्लिंगी, पण शर्यत या अर्थाचा शब्द स्त्रीलिंगी असल्याने लोक 'ला मारातोन' असंही म्हणू लागले. तिथल्या भाषा अकादमीने दोन्ही रूपं मान्य केली. 'तू प्रिमेर मारातोन' आणि 'तू प्रिमेरा मारातोन' हे दोन्ही बरोबर.

चौथी ओळ सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत चुकीची होती. 'हॅव अ गुड टाइम'चं मी शब्दशः 'तेन उन बुएन तिएंपो' केलं होतं. 'तिएंपो' म्हणजे वेळ, पण हवामानही. स्पॅनिश माणूस हे वाचेल तेव्हा त्याला एकतर छान हवेबद्दल काही म्हटलंय असं वाटेल, नाहीतर घड्याळातली चांगली वेळ नोंदव असा अर्थ लागेल. धावण्याच्या संदर्भात दुसराच अर्थ आधी डोक्यात येतो. आणि पहिल्या मॅरेथॉनला निघालेल्या माणसाशी घड्याळाचं बोलणं काढूच नये. तिला फक्त पोचायचं असतं. चार तासांत की साडेपाच तासांत, हा प्रश्न पुढच्या वर्षीचा. मजा कर, आनंद घे, यासाठी शब्द आहे 'दिस्फ्रुता'. स्पेनमधले धावपटू एकमेकांना शर्यतीच्या आदल्या दिवशी हेच म्हणतात.

इथे बाईंनी मला व्याकरणाचा एक मुद्दा शिकवला, जो मराठी माणसाला स्पॅनिश शिकताना फार मोठी सवलत देतो. 'दिस्फ्रुता' हा सरळ आज्ञार्थ. पण आशीर्वाद द्यायचा असेल तर स्पॅनिश माणूस आधी 'के' लावतो आणि क्रियापदाचं वेगळं रूप वापरतो: 'के दिस्फ्रुतेस', म्हणजे तुला आनंद मिळो. 'के तेंगास मुचा सुएर्ते', तुला भरपूर नशीब लाभो. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांना हे रूप फार छळतं, कारण इंग्रजीत ते जवळजवळ उरलेलंच नाही. आपल्याकडे ते रोजच्या तोंडात आहे. मिळो, लाभो, होवो, राहो. आपली आजी 'औक्षवंत हो' म्हणते तो आज्ञार्थ, आणि 'तुझं भलं होवो' म्हणते ते हे दुसरं रूप. हा ओकारान्त आशीर्वाद ज्याच्या कानात आहे, त्याला 'के' लावून बोलणं वेगळं शिकवावं लागत नाही. धावपटूंची या रूपातली एक खास शुभेच्छा आहे: 'के ते रेस्पोंदान लास पिएर्नास', तुझे पाय तुला प्रतिसाद देवोत. मराठीत आपण म्हणू, पाय साथ देवोत. मी ऐकलं आणि ही ओळ संदेशात येणारच, हे तिथेच ठरलं.

पायांची साथ सुटते कुठे, हे समजल्याशिवाय चांगला संदेश लिहिता येत नाही. म्हणून इथे थोडं शरीराबद्दल. धावताना सपाट रस्त्यावर माणसाला साधारण दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी खर्च येतो. माझी मैत्रीण साठ किलोची. ४२.१९५ किलोमीटरला तिचा हिशेब झाला अडीच हजार किलोकॅलरींच्या आसपास. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजन म्हणतात, ती चांगलं खाऊनपिऊन तयार झालेल्या माणसाकडेही साधारण चारशे-पाचशे ग्रॅमच असते, म्हणजे सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी. उरलेली ऊर्जा चरबीतून येते. चरबी अंगात भरपूर असते, पण ती हळू जळते. आणि गंमत अशी की माणूस जितका जोरात धावेल, तितका साखरेचा वाटा वाढतो आणि चरबीचा कमी होतो. सुरुवातीच्या उत्साहात पहिले दहा किलोमीटर भरधाव गेलेला धावपटू आपला साखरेचा डबा लवकर रिकामा करतो. मग तीस-पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान एकाएकी पाय लाकडाचे होतात. डोकं जड होतं, घोटभर पाणीही नको वाटतं, आणि समोरचा साधा पूल डोंगरासारखा दिसायला लागतो.

या क्षणाला स्पॅनिशमध्ये 'एल मूरो', म्हणजे भिंत, म्हणतात. पण रोजच्या बोलण्यात त्याहून जिवंत शब्द आहेत. एक 'पाखारा'. सायकलस्वार घाटात अचानक गळाठला की त्याला पाखारा आली म्हणतात. दुसरा मला सगळ्यांत आवडलेला: 'एल तियो देल माथो', मोगरीवाला माणूस. तो रस्त्याच्या वळणावर लाकडी मोगरी घेऊन दबा धरून बसलेला असतो आणि ऐन वेळी पायांवर घाव घालतो. मोगरी म्हणजे धोबीघाटावर कपडे बडवायला वापरतात ती, असं मी माझ्या मनाशी भाषांतर केलं. अर्थ अचूक बसला. तिथल्या धावपटूंना विचारा, "भेटला का?" ते हसून सांगतील, "तेहतिसाव्या किलोमीटरला."

म्हणून संदेशात ऊर्जा हवी, पण ती कुठल्या दिशेला वळवायची याचा विचार करावा लागतो. स्पॅनिशमध्ये जोशाची एक हाक आहे, 'आ तोपे', म्हणजे सगळी ताकद लावून. फुटबॉलच्या सामन्याला ती उत्तम. पहिल्या मॅरेथॉनच्या आदल्या रात्री मात्र ती पाठवू नये, कारण सुरुवातीच्या रेषेवर हजारो माणसांच्या गर्दीत, ढोल वाजत असताना, सगळी ताकद लावायचा मोह आधीच होत असतो. त्याऐवजी तिथले जाणते धावपटू म्हणतात 'दे मेनोस आ मास', कमीकडून जास्तीकडे. हळू सुरू करून वेग वाढवत नेणं. या चार शब्दांत साखरेचा सगळा हिशेब आला. शुभेच्छा देणाऱ्याने दिलेला इतका सुटसुटीत सल्ला धावणाऱ्याला तिसऱ्या किलोमीटरला आठवू शकतो. आणि तिथेच तो आठवायला हवा, कारण तिसाव्या किलोमीटरला आठवून काही उपयोग नसतो.

त्याच दिवशी त्याच रस्त्यावर केनियाचा सबॅस्टियन सावेही आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावणार होता. तो २ तास २ मिनिटं ५ सेकंदांत जिंकला. दोन वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, त्याचाच देशबंधू केल्विन किप्टम इथेच पहिल्यांदा मॅरेथॉन धावला आणि २ तास १ मिनिट ५३ सेकंदांत पोचला. पुढच्या वर्षी शिकागोत त्याने २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मोटार अपघातात तो गेला. माझ्या मैत्रिणीला या दोघांचं फार कौतुक. पण तिने धरलेली गती होती 'ग्लोबो'ची. ठरलेल्या वेळेत पोचवण्यासाठी आयोजकांचा माणूस पाठीला फुगा किंवा झेंडा लावून धावतो. त्याला स्पॅनिशमध्ये 'लिएब्रे', म्हणजे ससा, म्हणतात. तिने साडेचार तासांच्या सशामागे जायचं ठरवलं होतं. हे कळल्यावर मी आधी लिहिलेलं 'विजेसारखी धाव' हे वाक्य खोडलं.

संदेशाचा ठेका हाही एक मुद्दा आहे. 'बामोस!' हा शब्द लिहिताना व्ही अक्षराने लिहितात आणि बोलताना 'ब' उच्चारतात. शब्दशः अर्थ 'आपण जाऊ'. क्रियापद 'आम्ही-आपण'चं आहे, 'तू'चं नाही. कडेला उभा राहून ओरडणारा माणूस स्वतःलाही त्या धावण्यात सामील करून घेतो. मराठीत 'चला' म्हणताना आपणही हेच करतो. म्हणून पुण्यात बसूनही मला 'बामोस' म्हणायचा हक्क आहे, असं बाई म्हणाल्या. तीनदा लिहिलं की त्यात पावलांचा आवाज येतो. 'बेंगा!' हा दुसरा शब्द, शब्दशः 'येवो', पण वापरात 'चल, होऊन जाऊ दे'. वॅलेन्सियाची स्वतःची वॅलेन्सियन भाषाही आहे. तिच्यातला 'आमुंत!', म्हणजे वर, हा फुटबॉलच्या मैदानावरचा शब्दही शर्यतीत ऐकू येतो.

स्पेन सोडून पलीकडे अटलांटिक ओलांडला की शब्द बदलतात, हे ध्यानात ठेवावं. मेक्सिकोत 'एचाले गानास', जीव ओत, असं म्हणतात. अर्जेंटिनात 'दाले!' चालतं, आणि 'तू करू शकतोस' यासाठी स्पेनमधलं 'तू पुएदेस' न म्हणता 'वोस पोदेस' म्हणतात. एखाद्या गोष्टीच्या मागे लागून ती मिळव, या अर्थाचं 'आ पोर' हे स्पेनचं खास. मित्र कुठला आहे हे पाहूनच शब्द निवडावा. नाटकवाल्यांची एक शुभेच्छा आहे, 'मुचा मिएर्दा', अर्थ भरपूर विष्ठा. पूर्वी नाटकगृहाबाहेर घोडागाड्यांची गर्दी झाली की लीदही भरपूर पडायची, म्हणून ती शुभेच्छा, असं सांगतात. ती रंगभूमीचीच. धावपटूला देऊ नये.

टाइप करताना दोन खाचाखोचा आहेत. पहिली म्हणजे उद्गारचिन्ह. स्पॅनिशमध्ये ते वाक्याच्या शेवटी तर असतंच, शिवाय सुरुवातीलाही उलटं असतं. आवाज कुठून चढवायचा हे वाचणाऱ्याला आधीच कळतं. ते वाक्याच्या मध्येही सुरू होऊ शकतं. फोनवर साधं उद्गारचिन्ह दाबून धरलं की उलटं वर येतं. तिथली तरुण मुलं गप्पांमध्ये ते गाळतात, पण मी ते सोडलं नाही. परक्याने त्यांच्या भाषेची ही खूण जपली की त्यांना फार बरं वाटतं. दुसरी खाच म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ. 'आनिमो'मध्ये ती पहिल्या स्वरावर असते. रेघ गाळली तर जोर मधल्या अक्षरावर जातो आणि अर्थ होतो 'मी प्रोत्साहन देतो'. शेवटच्या स्वरावर दिली तर 'त्याने प्रोत्साहन दिलं'. एकाच अक्षरमालेतून तीन वेगळे शब्द होतात. तेही स्वर दाबून धरलं की मिळतं.

वेळेचंही गणित करावं लागलं. हिवाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. शर्यत तिथे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला सुटते, म्हणजे आपल्याकडे दुपारचे पावणेएक. सकाळी पाठवलेला संदेश ती पाहणार नाही, कारण तेव्हा फोन पिशवीत गेलेला असतो आणि पोटात गोळा आलेला असतो. आदल्या संध्याकाळी मात्र धावणारा माणूस घरी बसून कपड्यांवर क्रमांकाची पट्टी टाचण्यांनी लावत असतो. स्पॅनिशमध्ये त्या पट्टीला 'दोर्साल' म्हणतात. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. त्या वेळी आलेला संदेश दोनदा वाचला जातो. पुण्यात साडेदहा वाजले होते, तिथे सहा. मी जे पाठवलं ते असं:

```
¡Amiga, mañana es tu día!
El trabajo ya está hecho.
Sal tranquila, de menos a más.
Y si aparece el tío del mazo, ¡lo saludas y sigues!
Que te respondan las piernas y que disfrutes cada kilómetro.
Desde Pune corremos contigo. ¡Vamos, vamos, vamos!
¡Mucho ánimo, campeona! ¡A por esa pasarela azul!
```

मराठीत त्याचा भाव असा: मैत्रिणी, उद्याचा दिवस तुझा. मेहनत करून झालीच आहे. निवांत निघ, हळूहळू वेग वाढव. आणि मोगरीवाला समोर आलाच, तर त्याला नमस्कार कर आणि पुढे चालू पड! पाय तुला साथ देवोत आणि प्रत्येक किलोमीटरचा आनंद तुला मिळो. पुण्याहून आम्हीही तुझ्याबरोबर धावतोय. चला, चला, चला! जिवात जीव आण, वाघिणी! त्या निळ्या वाटेवर जाऊन पोच!

'मेहनत करून झालीच आहे' ही दुसरी ओळ बाईंनी आग्रहाने घालायला लावली. शर्यतीच्या आदल्या रात्री प्रत्येक नवख्या धावपटूला वाटतं की आपला सराव कमी पडला. मैत्रिणीला तर पुरामुळे दोन आठवडे गेल्याचं फार लागलं होतं. त्या रात्री आणखी सराव करता येत नाही, म्हणून जे झालंय ते पुरेसं आहे, हे कुणीतरी तिला सांगावं लागतं. आणि 'थोडंच उरलंय' हे वाक्य मात्र कुठेही घालायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. पंचविसाव्या किलोमीटरला कडेचा प्रेक्षक 'या केदा पोको', आता थोडंच राहिलं, असं ओरडतो, तेव्हा धावणाऱ्याला अजून सतरा किलोमीटर दिसत असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही घरातले चौघे फोनभोवती बसलो. अॅपवर तिच्या नावाचा ठिपका होता. दर पाच किलोमीटरला रस्त्यावर पसरलेल्या पट्टीवरून ती गेली की बुटावरची चिप नोंद करायची आणि आकडा पुढे सरकायचा. पाच, दहा, पंधरा, सगळं ठरल्याप्रमाणे. तीसपर्यंत तिची चाल दर किलोमीटरला सहा मिनिटं पंचवीस सेकंदांच्या आसपास, अगदी सशाबरोबर. पस्तीसचा आकडा उशिरा आला. मागच्या पाच किलोमीटरना चार मिनिटं जास्त लागली होती. माझ्या मुलीने विचारलं, "मावशी थांबली का गं?" मी काही बोलले नाही. मग चाळीस आला, आणि संध्याकाळी पावणेसहाला शेवटची नोंद.

तासाभराने तिचा आवाजी निरोप आला. मागे लोकांचा गलका होता, आणि तिला धड बोलता येत नव्हतं. आधी ती रडली. मग मावशी शेवटच्या वळणावर चिखलाचे डाग पडलेले तेच गमबूट घालून उभी होती, हे सांगितलं. आणि मग म्हणाली, "चौतिसाव्याला भेटला. नमस्कार केला."